चुलत घराण्याच्या गेटटुगेदरला नाही कळवायचंय, जुना विषय न काढता. मसुदा बघून द्याल का?

अर्धविराम
मंडळी, थोडं लांबलचक आहे, आधीच सांगतो.

आमच्या चुलत-आते-मामे भावंडांचं दोन दिवसांचं गेटटुगेदर ठरलंय. मुक्काम एकत्र, तीन पिढ्या, चाळीसेक माणसं. सगळं जुळवून आणतेय माझी चुलत बहीण, म्हणजे थोरल्या काकांची मुलगी. मी तिला ताई म्हणतो. आमचं दोघांचं लहानपणापासून छान आहे आणि आजही आहे.

अडचण काकांची. आजी शेवटची काही वर्षं आमच्याकडे होती. ती गेल्यावर तिचं घर विकलं, तेव्हा काकांनी सगळ्यांसमोर माझ्या वडिलांना विचारलं, "आईवर खर्च केला म्हणतोस, हिशोब दाखव." बाबांनी वही आणून समोर टाकली आणि उठून गेले. वाटण्या झाल्या, सह्या झाल्या, कागदोपत्री काहीही शिल्लक नाही. पण दोघं भाऊ त्यानंतर बोलले नाहीत. बाबा आता नाहीत.

मला काकांशी भांडायचं नाही. त्यांच्याकडून माफीही नको. पण दोन दिवस एका छताखाली त्यांच्यासमोर हसतखेळत बसणं मला जमणार नाही, एवढं मला कळतं. आई मात्र जाणार आहे. तिला तिच्या जावा-नणंदांना भेटायचंय आणि माझी त्याला काहीच हरकत नाही.

ताईने ग्रुपवर निमंत्रण टाकलं, खाली पोल टाकला (येणार / नाही / बघतो), आणि मला वेगळा मेसेजही केला. मी हे लिहून ठेवलंय, पाठवलेलं नाही:

"ताई, निमंत्रणाबद्दल खूप आभार. यायची खरंच इच्छा होती, पण तुला माहीतच आहे, आजीच्या घराच्या वेळी जे झालं त्यानंतर मला सगळ्यांत मिसळणं जड जातं. मी ते केव्हाच विसरलोय. काकांनाही मी माफ केलंय, मनात काही नाही. पण बाबा असते तर तेही आले नसते असं वाटतं. शिवाय त्याच आठवड्यात ऑफिसचं मोठं काम आहे. तरी जमलं तर बघतो. समजून घेशीलच."

वाचून मलाच काहीतरी खटकतंय. काय ते सांगा.

आत्याबाई
अरे, एवढा विचार करण्यापेक्षा तासभर जाऊन ये. तोंड दाखवायचं, मोठ्यांना नमस्कार करायचा आणि निघायचं. कोणाला काही बोलायला जागा राहत नाही. काका एका कोपऱ्यात, तू दुसऱ्या. चाळीस माणसांत कोण कोणाकडे बघतंय!

पारवा
अर्धविराम, तुम्ही उगीच घाबरताय. यावर अभ्यास झालाय. जुलियन गिवी आणि कॉलीन कर्क या दोघांचा २०२३ मध्ये शोधनिबंध आला होता, पाच प्रयोग केले होते. निमंत्रण नाकारणाऱ्याला वाटतं की समोरचा फार दुखावेल, रागावेल, पुन्हा बोलावणार नाही. प्रत्यक्षात बोलावणाऱ्याला तितकं वाईट वाटत नाही. कारण नाकारणाऱ्याच्या डोळ्यांसमोर फक्त आपला नकार असतो, तर बोलावणारा असंही धरतो की याने दोन्ही बाजूंनी विचार केला असेल. तेव्हा बिनधास्त नाही म्हणा.

आणि कारण द्यायचंच असेल तर वेळेचं देऊ नका, पैशाचं द्या. "वेळ नाही" म्हटलं की लोकांना वाटतं, मनात असतं तर काढला असता. "सध्या खर्च झेपत नाही" हे लोकांना जास्त खरं वाटतं. त्यावरही अभ्यास आहे.

घरकोंबडा
तुमचं दुःख समजतं. आमच्याकडे थोरल्या भावाचं आणि मेहुण्याचं उसन्या पैशावरून वाजलं होतं. मेहुण्यांनी स्वतः पुढाकार घेतला, दोघं समोरासमोर बसले, झालं एकदाचं मिटवून. तुम्हीही काकांना एक पत्र लिहा. मोठ्या माणसाला लहानाने पत्र लिहिलं की विरघळतात.

अर्धविराम
@घरकोंबडा, आभार, पण मला मिटवायचं नाहीये हो. म्हणजे पुढे मागे मिटलं तर आनंदच आहे, पण आत्ता प्रश्न तो नाही. मला फक्त या कार्यक्रमाला जायचं नाही, आणि न जाण्यावरून नवीन काही सुरू व्हायला नको.

@आत्याबाई, ठिकाण लांब आहे, मुक्कामी आहे. तासभर जाणं असं काही होत नाही.

संवादिनी
मी कौटुंबिक वादांत मध्यस्थीचं काम बरीच वर्षं करते, त्यामुळे असे मसुदे पुष्कळ वाचलेत. तुमचा मसुदा वाईट हेतूचा मुळीच नाही. पण त्यातल्या ओळी ताईच्या जागी बसून वाचा. म्हणजे ज्यांच्याबद्दल बोलणं चाललंय त्यांची मुलगी म्हणून.

"काकांनाही मी माफ केलंय." तुम्हाला वाटतं हे मोठ्या मनाचं वाक्य आहे. तिला काय ऐकू येईल? की माझ्या वडिलांनी गुन्हा केला होता, हे तू ठरवलंस आणि निकालही देऊन टाकलास. कदाचित तिच्या घरी त्या प्रसंगाची गोष्ट वेगळी सांगितली जात असेल. कदाचित काकांना वाटत असेल की वही समोर आपटून त्यांचाच अपमान झाला. माफी न मागणाऱ्याला माफ केल्याचं कळवणं ही जुना खटला पुन्हा उभा करायची सगळ्यात सभ्य पद्धत आहे.

"तुला माहीतच आहे" या शब्दांनी तुम्ही तिच्याकडून होकार मागताय. तिने "हो रे, माहीत आहे" म्हटलं तर ती वडिलांच्या विरोधात गेली, आणि "असं काही नव्हतं" म्हटलं तर तुमच्या विरोधात. तिला बिचारीला गप्प बसायलाही जागा उरत नाही.

"बाबा असते तर" ही ओळ तर काढाच. गेलेल्या माणसाच्या वतीने कोणी बोललं की समोरच्याला उत्तरच देता येत नाही. मग ते उत्तर तिसऱ्याच ठिकाणी दिलं जातं, बहुधा तुमच्या आईला, त्याच गेटटुगेदरमध्ये.

आणि शेवटी ऑफिसचं काम. खरं कारण सांगून झाल्यावर दुसरं दिलं की दोन्ही पोकळ होतात. त्यावर "जमलं तर बघतो" म्हणजे तुम्ही नाही म्हटलेलंच नाही. ती तुम्हाला धरून चालेल, पुन्हा विचारेल, आणि प्रत्येक वेळी तुम्हाला नवीन कारण शोधावं लागेल.

पारवा
पण मग कारण काहीच द्यायचं नाही? विचित्र नाही वाटणार? म्हणूनच पैशाचं म्हणतोय.

संवादिनी
@पारवा, तुम्ही सांगितलेले दोन्ही निष्कर्ष बरोबर आहेत, पण ते कुठे लागू करायचे ते बघावं लागतं. पैशाचं कारण जास्त पटतं, खरं आहे. पण घरात ते दिलं तर ताई काय म्हणेल? "वेडा आहेस का, तुझं मी भरते." ती प्रेमाने म्हणेल, आणि तुम्ही अडकाल. सुटू शकेल असं कारण दिलं की आपले लोक ते सोडवायलाच बसतात. काम आहे म्हटलं तर "शनिवारी रात्री ये", गाडी नाही म्हटलं तर "अमुक जण तिकडूनच येतोय". मग एकेक दार बंद करत तुम्ही शेवटी खऱ्या कारणापाशी येता, तेही चिडून. शिवाय यांचा मूळ वादच पैशावरून आहे. तिथे पैशाची तंगी सांगणं म्हणजे नको त्या तारेला हात लावणं.

पहिल्या अभ्यासाबद्दल एवढंच, की तो साधारणपणे आपलं ज्यांच्याशी नीट चाललंय अशा लोकांच्या निमंत्रणांबद्दल आहे. तेवढ्यापुरता इथेही उपयोगी, कारण ताईशी यांचं नीटच आहे आणि ती खरोखर त्यांना वाटतंय तितकी दुखावणार नाही. पण ज्या चाळीस जणांना या नकाराचा अर्थ लावायची सवय आहे, त्यांच्यापर्यंत तो निष्कर्ष पोचत नाही.

चाफा
मी अशा दोन गेटटुगेदरची आयोजक होते, म्हणून दुसऱ्या बाजूने बोलते. आयोजकाला कारणाशी फारसं देणंघेणं नसतं हो. तिला आकडा हवा असतो. खोल्या किती, गाड्या किती. मला सगळ्यात जास्त त्रास दिला तो "नाही" म्हणणाऱ्यांनी नाही, "बघतो"वाल्यांनी. आणि त्याहून जास्त, आधी हो म्हणून आदल्या दिवशी ताप आलेल्यांनी. अशा तापावर कोणीही विश्वास ठेवत नाही आणि मग संपूर्ण कार्यक्रमभर चर्चा त्याच माणसाची होते. लवकर आणि स्पष्ट नाही आलं की आम्ही पाच मिनिटं हळहळतो आणि पुढच्या खोलीकडे वळतो.

कायद्याचा_किडा
एक विचारू? वाटणीचं सगळं खरंच संपलंय ना? एखादी सही, एखादं संयुक्त खातं, आजीच्या नावावरची बारीकशी ठेव? तसं काही असेल तर या मेसेजमध्ये हिशोब, खर्च, वाटा यातला एकही शब्द नको. लिहिलेलं राहतं. तो विषय वेगळ्या कागदावर, वेगळ्या दिवशी.

अर्धविराम
नाही, सगळं संपलेलं आहे. राहिलंय ते फक्त बोलणं.

@संवादिनी, "माफ केलंय" ही ओळ लिहिताना मला अगदी उदार वाटत होतं. आता वाचवत नाही. म्हणजे नुसतं "येत नाही" एवढंच लिहू? रुक्ष नाही होणार?

संवादिनी
रुक्षपणा कारण न दिल्याने येत नाही, माया न दाखवल्याने येतो. कारण गाळलं तर तेवढी जागा मोकळी होते, ती ताईसाठी वापरा. मी असं लिहीन, तुमच्या भाषेत बदलून घ्या:

"ताई, आठवणीने वेगळा मेसेज केलास, बरं वाटलं. मी या वेळी येत नाहीये, तेव्हा मला धरू नकोस. आई येणार आहे. इतक्या सगळ्यांना एकत्र आणणं सोपं नाही, मस्त होऊ दे. त्यानंतर एक रविवार काढून मुलांना घेऊन तुझ्याकडे येतो, तुला कोणता चालेल सांग."

"येता येणार नाही" असं न लिहिता "येत नाहीये" लिहिलंय. येता येणार नाही म्हटलं की लगेच "का बरं?" येतं. येत नाहीये म्हटलं की ते ठरलेलं वाटतं. शेवटचं भेटीचं वाक्य मात्र खरं असेल तरच लिहा. ते पाळलं नाहीत तर हा सगळा मेसेजच सबब ठरेल.

पाठवायचा क्रमही सांभाळा. आधी ताईला एकटीला. तिने वाचल्यावर मग ग्रुपच्या पोलमध्ये "नाही". ग्रुपवर शब्दांत काही लिहू नका, कारण तिथे लिहिलेल्याला उत्तरं येतात, आणि चौथं-पाचवं उत्तर कोणाचं असेल ते तुमच्या हातात नाही.

चाफा
मला "या वेळी" खटकतंय. दर वर्षी करायचं ठरलं तर पुढच्या वेळी पुन्हा हेच. त्यापेक्षा कायमचं सांगून टाकावं, मला अशा मोठ्या कार्यक्रमांत रस नाही म्हणून.

संवादिनी
आणि पुढच्या वर्षी ते आत्याच्या मुलाच्या लग्नात दिसले तर? कायमचं "नाही" कशाला बांधून घ्यायचं? मी "या वेळी" ठेवीन.

चाफा
ठेवा. पण मग पुढच्या वर्षी हाच धागा वर काढायची तयारीही ठेवा.

आत्याबाई
तुम्ही सगळे शब्दांचा कीस पाडताय. खरी गोष्ट वेगळीच आहे. ताई गप्प बसेल, पण घरात एखादी आत्या असतेच (मी आहे ना, मला विचारा). ती फोन करणार. "खरं कारण मला एकटीला सांग बाळा, मी कोणाला सांगत नाही." तेव्हा काय करशील?

घरकोंबडा
अगदी! आमच्याकडे हेच झालं. मिटलं असं मी वर लिहिलं, पण त्याआधीचं सांगायचं राहिलं. थोरला भाऊ आमच्या बहिणीला म्हणाला होता, "तो येणार असेल तर मी येत नाही." सहज म्हणाला, चिडून नाही. पण ते फिरत फिरत मेहुण्यांपर्यंत गेलं तोवर त्याचं "त्याला बोलावलंत तर खबरदार" झालं होतं. मग बहीण प्रत्येक कार्यक्रमाला दोघांपैकी एकालाच बोलवायची, आळीपाळीने. दोन वर्षं चाललं ते.

संवादिनी
@घरकोंबडा, हे फार मोलाचं लिहिलंत. "तो असेल तर मी नाही" हे सांगणाऱ्याला स्वतःबद्दलचं वाक्य वाटतं, ऐकणाऱ्याला ती अट वाटते. मग आयोजकाला निवड करावी लागते, आणि ज्याला वगळलं जाईल तो वादाचा नवा पक्षकार होतो. आपलं न जाणं दुसऱ्याच्या येण्यावर कधीही टांगू नये, तोंडीसुद्धा.

@आत्याबाई, तुमचा प्रश्न अगदी बरोबर जागी लागलाय. मरे बोवेन नावाचे मानसोपचारतज्ज्ञ होते, कुटुंबांवर काम करणारे. त्यांनी हे त्रिकोण म्हणून मांडलं: दोघांतला ताण असह्य झाला की तिसऱ्याला आत ओढलं जातं, त्याने दोघांना तेवढ्यापुरतं हलकं वाटतं आणि मूळ गाठ तशीच राहते. आत्या वाईट नसते. तिला मदतच करायची असते. पण तिला तुम्ही जे द्याल ते पुढे जाणार, आणि जाताना त्याचा आकार बदलणार.

उपाय कंटाळवाणा आहे. ताईला जे वाक्य सांगितलं तेच आत्याला, तेच मावशीला, तेच भावाला. शब्दही शक्यतो तेच. लोक नंतर आपापल्या आवृत्त्या ताडून बघतात. एकीला काम, दुसरीला तब्येत, तिसरीला "तुला म्हणून सांगतो" असं मिळालं असेल तर संध्याकाळी त्या तिघी एकत्र बसल्या की विषय तुम्हीच. सगळ्यांकडे एकच वाक्य असलं की चर्चा दोन मिनिटांत सुकते, कारण जोडायला काही मिळत नाही.

आत्याने दुसऱ्यांदा विचारलं तर दुसऱ्यांदा तेच, आणि लगेच तिच्याबद्दल काही विचारा. गुडघे कसे आहेत, नातीची परीक्षा कशी झाली. आत्यांना हे चालतं.

आत्याबाई
गुडघे बरे आहेत, धन्यवाद.

अर्धविराम
😀

आणखी दोन गोष्टी विचारतो. वर्गणी माणशी आहे. आई जातेय म्हणजे तिचे द्यायचेच. पण मी माझे, बायकोचे, मुलांचेही द्यावेत का? म्हणजे पैसे वाचवायला आला नाही असं कोणी म्हणू नये. आणि आईला काय सांगून पाठवू?

चाफा
तुम्ही आधी हो म्हणून जागा अडवली असती तर दिलेच पाहिजेत म्हटलं असतं. तसं नाही, तर जाणाऱ्या माणसाचेच द्या.

पारवा
मी तर सगळे देईन. तोंडं बंद होतात.

संवादिनी
एरवी मी म्हटलं असतं, तुमच्या मनाला येईल तसं करा. पण तुमच्याकडचा वाद "हिशोब दाखव" वरून आहे. अशा घरात ठरल्यापेक्षा कमी दिलेला पैसा बोलतो आणि जास्त दिलेलाही बोलतो. न जाता पूर्ण वर्गणी भरलीत तर काकांना ते "बघा, आम्ही मोजत नाही" असं ऐकू येऊ शकतं. नियम असेल तेवढेच, आईच्याच हाताने, एक पैसा इकडे तिकडे नाही.

आईबद्दल जास्त जपा. दोन दिवस तिलाच "मुलगा का नाही आला" विचारतील, दर तासाला. तिला तुमच्या बाजूने बोलायला पाठवू नका आणि तुमची बाजू लपवायलाही नको. तिने एवढंच म्हणावं, "त्याचं तो ठरवतो, त्यालाच विचारा." हे वाक्य तिला आधी सांगून ठेवा. नाहीतर ती माऊली घाबरून तुमच्यासाठी एखादा आजार काढेल, आणि मग तुम्हाला महिनाभर तब्येतीचे फोन.

ती परत आल्यावर काका काय म्हणाले, कोण काय बोललं, हे विचारायचं नाही. ती आपणहून सांगेल ते ऐकून घ्यायचं. विचारलंत की ती पुढच्या वेळेपासून बातमी आणणारी होते आणि मग तिचं भेटणं तिचं राहत नाही.

कायद्याचा_किडा
त्या दिवशी व्हिडिओ कॉल येणार हे धरून चाला. कोणीतरी उत्साही भाचा फोन फिरवत सगळ्यांना दाखवतो आणि अचानक स्क्रीनवर काका. माझ्या मित्राचं झालं होतं. दोघंही बघत राहिले, कोणी काही बोलेना, भाचा ओरडतोय "हॅलो, आवाज येतोय का?"

संवादिनी
हे कोणी आधी धरत नाही आणि हमखास होतं. आईला सांगा की मी तुला रात्री झोपताना फोन करेन. बाकी कॉल त्या दोन दिवसांत घेतला नाही तरी चालतो. आणि काका समोर आलेच तर "नमस्कार काका, सगळे मजेत दिसताय" आणि फोन आईला द्यायला सांगा. तोंड फिरवू नका. तेवढंच चित्र चाळीस जणांच्या लक्षात राहील.

*(दोन दिवसांनी)*

अर्धविराम
मेसेज पाठवला. जवळजवळ संवादिनींचाच, "मस्त होऊ दे" च्या जागी माझे शब्द. ताईचं उत्तर दहा मिनिटांत आलं: "बरं. रविवारी नक्की ये. एक विचारू, बाबांमुळे ना?"

अजून उत्तर दिलेलं नाही. नाही म्हणालो तर खोटं, आणि तिला ते कळणार. हो म्हणालो तर झालंच.

पारवा
नाही म्हणा. पांढरं खोटं. विषय संपेल.

आत्याबाई
खोटं बोलू नकोस. तिने स्वतः विचारलंय, म्हणजे तिला ऐकायची तयारी आहे. मन मोकळं कर की एकदा.

संवादिनी
दोन्ही नको. भांडण आहे हे त्या घरात सगळ्यांना माहीत आहे, ताईला तर तुमच्याइतकंच. ते तिला कळल्याने काही उकरलं जात नाही. उकरलं जातं ते कोण बरोबर होतं याबद्दल कोणी एक वाक्य टाकलं की. तेव्हा तिच्या प्रश्नाला खोटं उत्तर देऊ नका, पण त्या बाजूला एक पाऊलही टाकू नका. म्हणजे असं काहीसं: "तो विषय मला काढायचा नाही ताई, तुझ्याशी तर नाहीच. तुझ्यावर माझा काही राग नाही. रविवारी येतो."

पारवा
पण याचा अर्थ "हो" असाच झाला ना?

संवादिनी
झाला. आणि त्यात वाईट काय? तिने जे विचारलं ते तिला कळलं. ज्यावर वाद घालता येईल असं मात्र तुम्ही काही दिलं नाही. "बाबांमुळे" हे तिचे शब्द आहेत, तुमच्या मेसेजमध्ये त्यांचं नाव कुठेही नाही. तो मेसेज उद्या कोणी वाचून दाखवला तरी त्यात काकांना उत्तर देण्यासारखं काही सापडणार नाही. माझी कसोटी हीच असते: हा मजकूर त्या माणसाच्या हातात पडला तर त्याला स्वतःचा बचाव करावासा वाटेल का? वाटेल अशी जी ओळ असेल ती काढायची.

आत्याबाई
मला हे पटत नाही. इतकं मोजून मापून बोललं तर आपली माणसं ती काय?

चाफा
@आत्याबाई, मलाही थोडं तसंच वाटतंय. पण मन मोकळं करायचं तर समोर बसून करावं. मेसेजवर नाही.

*(रात्री)*

अर्धविराम
तेच पाठवलं. ताईने लिहिलंय ते जसंच्या तसं देतो: "कळलं. नाही काढत. पण एक सांगते, यादी करताना बाबाच म्हणाले होते, त्याला आधी विचार."

आता हे वाचून मी बसलोय.

घरकोंबडा
बघा! मी म्हणत होतो ना, मोठी माणसं विरघळतात.

आत्याबाई
आता तरी जा. म्हाताऱ्या माणसाने एवढं म्हटलं म्हणजे खूप झालं. त्या पिढीला माफी मागता येत नाही, त्यांची माफी अशीच येते.

संवादिनी
आत्याबाई म्हणतात तसं असेलही. किंवा काकांना फक्त यादी पूर्ण हवी असेल. एका निरोपावरून मी काहीच ठरवणार नाही, आणि तोही त्रिकोणातूनच आलाय हे विसरू नका. ताईने प्रेमाने थोडा गोडही केला असेल.

पण समजा आत्याबाई बरोबर आहेत. तरीही इतक्या वर्षांनी पहिली भेट चाळीस माणसांसमोर नको. तिथे काकांना काका म्हणून वागावं लागेल, तुम्हाला पुतण्या म्हणून, आणि सगळे बघत असतील की आता काय होतं. कोणी डोळ्यांत पाणी आणेल, कोणी फोटो काढायला धावेल, एखादा हौशी माईक घेऊन म्हणेल "आज एक जुना दुरावा संपला". त्यातून काही बरं होत नाही. वाटलं तर ते सगळं झाल्यावर, ताईकडे जाल त्या रविवारी, काका तिथे असले तर असू देत. नसतील तर नसू देत. गेटटुगेदरचा नकार आहे तसाच राहू दे, या निरोपाने तो बदलू नका. आज बदललात तर त्याचा अर्थ होईल की नकार बोलावणं वाढवायला होता.

आणि ताईच्या या ओळीला उत्तर द्यायची गरज नाही. तिने ती उत्तरासाठी लिहिलेली नाही.

कायद्याचा_किडा
मी तरी एक "हं" पाठवला असता. अगदी काहीच न पाठवणंही बोचतं.

आत्याबाई
माझं मत आहे तिथेच आहे. पण तुझं तू ठरव.

अर्धविराम
आत्याबाई, हेच वाक्य आईला शिकवलंय 😀

नाही जात. ते पक्कं. ताईला "सांगितलंस ते बरं केलंस" एवढं लिहिलं, राहवलं नाही. रविवारचं काकांचं काय करायचं ते मला आत्ता खरंच सुचत नाहीये. ताईला विचारू का की ते असणार आहेत का, का न विचारताच जाऊ?

चाफा
विचारलंत तर तीही एक अटच होईल.

घरकोंबडा
विचारा हो. आयत्या वेळी दार त्यांनीच उघडलं तर?

संवादिनी
दोघांचंही खरं आहे. मला यावर एक उत्तर देता येत नाही. तयारी मात्र ते असतील असं धरूनच करा.

चाफा
ते राहू दे, पोलमध्ये "नाही" केलंत का? ताईला मेसेज गेला पण पोल तसाच राहिला असं फार होतं. "बघतो"मध्ये नाव असेल तर खोल्या वाटताना कोणीतरी ग्रुपवर सगळ्यांसमोर विचारेल.

अर्धविराम
"बघतो"मध्येच होतं! पहिल्याच दिवशी दाबून ठेवलं होतं. आत्ता बदललं.